नऊ महिन्यांसाठी घेतलेल्या पैशाचं सरळव्याज कसं काढायचं

सरळव्याजाचं सूत्र बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं पण प्रत्यक्षात पैसे घेतले आणि मुदत नऊ महिने निघाली की गाडी अडते, कारण शाळेतली उदाहरणं दोन वर्षं, तीन वर्षं अशी सरळसोट असायची आणि इथे तर वर्षही पूर्ण होत नाही. मी पहिल्यांदा असा हिशोब केला तेव्हा सूत्रात मुदतीच्या जागी बिनधास्त ९ टाकले आणि व्याज आलं ४७,५२०, तेसुद्धा ४८,००० रुपयांवर! दहा मिनिटं घाम फुटला होता, मग लक्षात आलं की मी नऊ महिन्यांचं नाही तर नऊ वर्षांचं व्याज काढून बसलोय.

तर तेच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. ४८,००० रुपये घेतले, दर ११ टक्के, मुदत ९ महिने, आणि सगळे पैसे व्याजासकट शेवटी एकदम परत करायचे.

आधी शब्द क्लिअर करून घेऊ, फार नाहीयेत. जी रक्कम घेतली ती मुद्दल. ती वापरायला मिळाली म्हणून वर जे द्यायचं ते व्याज. किती काळ ठेवली ती मुदत. आणि शेवटी मुद्दल अधिक व्याज मिळून जो आकडा हातात ठेवायचा ती रास. राहिला दर, आणि त्याच्यावर जरा थांबायला हवं कारण निम्म्या चुका इथेच होतात.

दर म्हणजे काय, तर शंभर रुपयांवर ठराविक काळात किती व्याज. पुस्तकात लिहितात द.सा.द.शे. ११, म्हणजे दर साल दर शेकडा ११, म्हणजे शंभर रुपये एक वर्ष ठेवले तर ११ रुपये. यात "दर साल" हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत आणि बोलताना नेमके तेच गळतात. कोणी नुसतं "दोन टक्क्याने देतो" म्हणालं तर ऐकायला ११ पेक्षा कितीतरी स्वस्त वाटतं ना, पण ते दोन टक्के महिन्याला असतील तर वर्षाचे झाले २४. आपल्या ४८,००० वर महिन्याला ९६० आणि नऊ महिन्यांचे ८,६४०. तेच दोन टक्के वर्षाला धरले तर नऊ महिन्यांचे फक्त ७२०. म्हणजे एका न विचारलेल्या शब्दापायी बारापट फरक! त्यामुळे पहिली पायरी कॅल्क्युलेटर काढायची नाहीच, पहिली पायरी समोरच्याला विचारायची, "दर वर्षाचा की महिन्याचा?" आणि जे उत्तर येईल ते लिहून घ्यायचं. आपल्या उदाहरणात दर वर्षाचा आहे, ११.

आता दुसरी पायरी, मुदत विसरून जा आणि आधी पूर्ण एका वर्षाचं व्याज काढा. हे सूत्राशिवाय करून बघा, एकदा केलं की कायमचं डोक्यात बसतं. ४८,००० मध्ये शंभराच्या नोटा किती? ४८०. प्रत्येक शंभरावर वर्षाला ११ रुपये, मग ४८० गुणिले ११ झाले ५,२८०. झालं, हे एका वर्षाचं व्याज. टक्केवारी म्हणजे एवढंच असतं, शेकडे मोजायचे आणि दराने गुणायचं.

तिसरी पायरी नऊ महिन्यांची. वर्षाचे बारा महिने, त्यातले आपण नऊ ठेवले, म्हणजे बारातले नऊ, म्हणजे पाऊण वर्ष. आपल्याकडे पाऊण हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, पाऊण तास म्हटलं की ४५ मिनिटं हे कुणाला समजवावं लागत नाही, इथेही तसंच आहे. जुनी माणसं तर पाऊणकी पाठ असल्यामुळे हे तोंडीच करायची. आपल्याला पाठ नसली तरी चालतं, ५,२८० चा पाव भाग काढा, तो येतो १,३२०, आणि तो वजा करा. राहिले ३,९६०. हेच तुमचं नऊ महिन्यांचं व्याज.

दुसऱ्या रस्त्यानेही तपासून बघा. ५,२८० ला १२ ने भागलं तर एका महिन्याचं व्याज येतं ४४०, त्याला ९ ने गुणलं तर परत ३,९६०. मला स्वतःला हा महिन्याचा रस्ता जास्त आवडतो कारण ४४० हा आकडा हातात राहतो, आणि पैसे द्यायला एक महिना उशीर झाला तर किती वाढतील, एक महिना आधी दिले तर किती वाचतील हे लगेच सांगता येतं. आणि अजून एक गोष्ट यात दिसते, पहिल्या महिन्याचे ४४० आणि नवव्या महिन्याचेही ४४०च. मधल्या काळात साठलेल्या व्याजावर नवीन व्याज लागत नाही, म्हणून तर याला सरळव्याज म्हणायचं. नवव्या महिन्याचं व्याज पहिल्यापेक्षा जास्त लावलेलं दिसलं आणि मध्ये नवीन पैसे घेतलेले नाहीत, दरही बदललेला नाही, तर समजायचं की कुठेतरी व्याजावर व्याज चढलंय आणि हा हिशोब सरळव्याजाचा राहिलेला नाही.

चौथी पायरी, रास. ४८,००० अधिक ३,९६० म्हणजे ५१,९६०. नवव्या महिन्याच्या शेवटी एवढे द्यायचे.

हे सगळं एका ओळीत हवं असेल तर सूत्र आहे मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले शंभर, म × द × क भागिले १००. फक्त त्यातला काळ वर्षात लागतो कारण दर वर्षाचा आहे, दोघं एकाच मापात हवेत. मुदत महिन्यात असेल तर भागायला शंभराऐवजी बाराशे घ्या, शंभर टक्क्यांचे आणि बारा महिन्यांचे, काम संपलं. कॅल्क्युलेटरवर असं टाइप करायचं:

```
48000 × 11 × 9 ÷ 1200 = 3960
```

आधी सगळे गुणाकार आणि भागाकार शेवटी, हा क्रम मुद्दाम दिलाय. नऊ महिन्यांना तसा फरक पडत नाही कारण ९ भागिले १२ बरोबर ०.७५ येतं, पण उद्या मुदत सात महिने निघाली तर ७ भागिले १२ म्हणजे ०.५८३३३ असं लांबतच जातं, मग माणूस ०.५८ धरतो आणि तिथेच काही रुपये इकडचे तिकडे होतात.

नऊ महिन्यांच्या मुदतीत एक खास चूक होते ती सांगतो कारण ती पटकन दिसत नाही. नऊ महिने म्हणजे ०.९ वर्ष असं धरणं. ०.९ म्हणजे दहातले नऊ, आपल्याला हवेत बारातले नऊ. ०.९ धरलं तर व्याज येतं ४,७५२, म्हणजे खऱ्यापेक्षा ७९२ जास्त. ४७,५२० आलं की माणूस दचकतो आणि परत बघतो, पण ४,७५२ हा आकडा बघून काही खटकत नाही, म्हणून ही चूक जास्त वाईट. पकडायची युक्ती अशी की नऊ महिन्यांचं व्याज हे वर्षाच्या व्याजाच्या निम्म्यापेक्षा जास्त पण वर्षापेक्षा चांगलं पाव भागाने कमी असायला हवं. वर्षाचे ५,२८०, निम्मे २,६४०, मग उत्तर या दोघांच्या बरोबर मधोमध पडायला हवं, आणि ३,९६० बरोबर मधोमध आहे. ४,७५२ वर्षाच्या आकड्याला फारच चिकटलंय, तिथेच शंका यायला पाहिजे.

बरं, आता तारखांचं. बोलताना आपण नऊ महिने म्हणतो पण काही ठिकाणी हिशोब दिवसांवर करतात, आणि नऊ महिन्यांचे दिवस नेहमी सारखे नसतात. १० जानेवारीला घेऊन १० ऑक्टोबरला दिले तर साध्या वर्षात २७३ दिवस होतात, कारण मध्ये २८ दिवसांचा फेब्रुवारी येतो. तेच १० एप्रिलला घेऊन पुढच्या १० जानेवारीला दिले तर २७५. लीप वर्षातला २९ फेब्रुवारी मध्ये आला तर अजून एक दिवस वाढतो. दिवसांवर काढायचं तर वर्षाचं व्याज घ्या, दिवसांनी गुणा आणि ३६५ ने भागा. ५,२८० गुणिले २७३ भागिले ३६५ म्हणजे ३,९४९ रुपये १५ पैसे, आणि २७५ दिवसांचे ३,९७८ रुपये ८ पैसे. महिन्यांवर काढलेले ३,९६० या दोघांच्या मध्ये. म्हणजे तुमचं उत्तर आणि समोरच्याचं उत्तर दहावीस रुपयांनी वेगळं आलं तर भांडायला उठू नका, आधी विचारा की दिवस मोजले की महिने. आणि दिवस मोजताना दोन्ही टोकं धरायची नाहीत, पैसे घेतले तो दिवस किंवा परत दिले तो दिवस, एकच धरायचा. दोन्ही धरले की एक दिवस फुकटचा वाढतो, आपल्या केसमध्ये साधारण साडेचौदा रुपयांचा. रक्कम लहान आहे म्हणून काही वाटत नाही पण मोठ्या रकमेवर हाच एक दिवस डोळ्यात येतो.

इथपर्यंत आपण धरून चाललोय की ४८,००० पूर्ण नऊ महिने तुमच्याकडेच होते, पण खरी मजा, किंवा खरी डोकेदुखी म्हणा, मध्येच थोडे पैसे परत केले की सुरू होते. समजा चार महिने झाले आणि हातात पैसे आले म्हणून तुम्ही १८,००० देऊन टाकले. आता एकच सूत्र एकदा लावून चालणार नाही, मुदतीचे दोन तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात नेमकी किती रक्कम बाकी होती ते बघायचं. पहिले चार महिने ४८,००० होते, महिन्याला ४४०, म्हणजे १,७६०. नंतरचे पाच महिने राहिले ३०,०००, त्याचं वर्षाचं व्याज ३,३००, महिन्याचं २७५, पाच महिन्यांचे १,३७५. दोन्ही मिळून ३,१३५. म्हणजे ३,९६० च्या जागी ३,१३५, पूर्ण ८२५ वाचले. तपासून बघायचं असेल तर १८,००० वर महिन्याला १६५ व्याज लागत होतं, ते पाच महिने लागलं नाही, १६५ गुणिले ५ बरोबर ८२५. जुळलं.

पण यात एक गोम आहे. वरच्या हिशोबात तुमचे १८,००० सगळेच्या सगळे मुद्दलातून वजा केले आणि व्याज शेवटी द्यायचं ठेवलं. समोरचा असंही म्हणू शकतो की आधी आजपर्यंतचं व्याज कापतो आणि उरलेले मुद्दलात धरतो. मग १८,००० मधून १,७६० गेले व्याजाला, मुद्दलात आले १६,२४०, आणि बाकी राहिली ३१,७६०. त्यावर पुढच्या पाच महिन्यांचं व्याज १,४५५ रुपये ६७ पैसे. एकूण व्याज ३,२१५ रुपये ६७ पैसे, म्हणजे पहिल्या पद्धतीपेक्षा सुमारे ८१ रुपये जास्त. यात फसवाफसवी नाहीये, कारण दुसऱ्या पद्धतीत त्याचं व्याज तुम्ही लवकर चुकतं केलंत आणि तेवढं मुद्दल तुमच्याकडे जास्त दिवस राहिलं. दोन्ही पद्धती चालतात, फक्त कुठली ते पैसे देताना ठरलेलं हवं, नंतर नाही. माझ्या एका मित्राबरोबर माझं यावरून चांगलंच वाजलं होतं आणि गंमत म्हणजे दोघांचंही गणित बरोबर होतं.

आता हीच गोष्ट थोडी पुढे ताणू, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे गंडतो. समजा समोरचा म्हणाला, व्याज तेच ३,९६०, रासही तीच ५१,९६०, फक्त तू एकदम देऊ नकोस, नऊ समान हप्त्यांत दे, दर महिन्याला ५,७७३ रुपये ३३ पैसे. ऐकायला सोयीचं वाटतं, आणि दरही तोच ११ सांगितलाय. पण जरा थांबा आणि वरचाच प्रश्न विचारा, कुठली रक्कम किती महिने तुमच्याकडे होती? पहिल्या महिन्यात ४८,००० होते, पण पहिला हप्ता दिल्यावर कमी झाले, दुसऱ्यानंतर अजून कमी, आणि शेवटच्या महिन्यात तर जेमतेम सव्वापाच हजारांच्या आसपास उरले होते. तरी व्याज मात्र पूर्ण ४८,००० वर पूर्ण नऊ महिन्यांचं घेतलंय.

मग खरं व्याज किती व्हायला हवं होतं? सोपं पडावं म्हणून मुद्दल दर महिन्याला सारखंच, नऊतला एक भाग, परत जातंय असं धरा. पहिल्या महिन्यात सगळे नऊ भाग बाकी, व्याज ४४०. दुसऱ्यात आठ भाग बाकी, मग ४४० चे आठ नवमांश, तिसऱ्यात सात, असं करत शेवटच्या महिन्यात एकच भाग. नऊपासून एकपर्यंतची बेरीज ४५, आणि ४४० गुणिले ४५ भागिले ९ झाले २,२००. म्हणजे ११ टक्क्यांनी घसरत्या बाकीवर व्याज झालं २,२०० आणि घेतले ३,९६०. ३,९६० वसूल करायला घसरत्या बाकीवर दर लावायला लागेल जवळपास १९.८ टक्के! म्हणून हप्त्यात परत करायचं असेल तेव्हा नुसतं "अकरा टक्के" ऐकून हो म्हणू नका, अकरा टक्के कशावर, पूर्ण रकमेवर की उरलेल्या बाकीवर, हे विचारा. सरळव्याजाचं सूत्र चुकीचं नाहीये, ते फक्त त्या केससाठी आहे जिथे पूर्ण मुद्दल पूर्ण मुदत तुमच्याकडे राहतं.

शेवटची एक केस उलट्या बाजूने, कारण बऱ्याचदा कोणी दर सांगतच नाही. "४८,००० घेऊन जा, नऊ महिन्यांनी ५४,००० आणून दे" एवढंच. इथे व्याज आहे ६,०००. पटकन माणूस ६,००० भागिले ४८,००० करतो, उत्तर येतं साडेबारा टक्के, आणि म्हणतो चला, अकरापेक्षा दीडच टक्का जास्त, ठीक आहे. पण हे साडेबारा नऊ महिन्यांचे आहेत, वर्षाचे नाहीत, आणि ११ मात्र वर्षाचे आहेत, मग तुलना कशी करणार? दोघं एका मापात आणा. ६,००० ला ९ ने भागलं की महिन्याचे साधारण ६६७, बाराने गुणलं की वर्षाचे बरोबर ८,००० (मधे ६६७ धरू नका, ६,००० गुणिले १२ भागिले ९ करा). आता ८,००० भागिले ४८,००० म्हणजे १६.६७ टक्के. नऊ महिन्यांत ते ३,९६० आणि हे ६,०००, दोन हजार चाळीस रुपयांचा फरक, दीड टक्क्याचा नव्हे तर पावणेसहा टक्क्यांच्या जवळपासचा.